तिसऱ्या परीक्षकाचे दोन गुण, निकालातले दहा

समजा, इंदूरला मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या एका मुलीची उत्तरपत्रिका दोघांनी तपासली. शंभरापैकी एकाने 62 दिले, दुसऱ्याने 44. नियम असा, की फरक 15 पर्यंत असेल तर सरासरी काढायची, त्यापुढे गेला तर पेपर तिसऱ्याकडे पाठवायचा आणि मग तिघांतल्या जवळच्या दोघांची सरासरी धरायची. आकडे ठिकठिकाणी बदलतात, पण या धर्तीचे नियम बरेच आढळतात.

इथे फरक 18, म्हणजे पेपर तिसऱ्याकडे. त्याने 54 दिले तर ते 62 ला जवळ पडतात आणि निकाल लागतो 58. त्याने 52 दिले तर ते 44 ला जवळ, निकाल 48. तिसऱ्याचा हात दोन गुणांनी आखडला आणि मुलीचे दहा गेले! पुढच्या प्रवेशाला 50 किंवा 55 टक्क्यांची अट असेल, तर या दोन गुणांवर सगळं अडतं. तिघांचीही सरासरी घेतली असती, तर निकाल 53.3 किंवा 52.7 लागला असता.

ज्या दोघांचं जुळलं ते बरोबर, असं आपल्याला सहज वाटतं. पण तीन आकड्यांत कुठले तरी दोन जवळ येणारच, त्यातला बराचसा भाग योगायोगाचा असतो. परीक्षेच्या गुणांना मोजमापातल्या चुकांचं गणित संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी 1888 मध्येच लावलं होतं. ते इथे लावू. एका परीक्षकाच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते साधारण किती इकडेतिकडे होतात याचं माप, 5 धरलं आणि तिघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे तपासत असले, तर दोघांच्या सरासरीचं विचलन 3.5 वर येतं, तिघांच्या सरासरीचं 2.9 वर. तीन परीक्षकांपैकी दरवेळी जवळचे दोनच घेतले, तर ते 4 च्या आसपास राहतं. म्हणजे तिसऱ्याची मेहनत घेऊनही निकाल दोघांच्या साध्या सरासरीपेक्षा डळमळीत! त्यापेक्षा तिघांची सरासरी घ्यावी, हे मला सरळ न्यायाचं वाटतं. अपवाद एकच: एखाद्याने पुरवणी न पाहताच गुण दिले असतील, किंवा बेरीज चुकवली असेल, तर तो आकडा बाद करायलाच हवा. पण तो चूक सापडली म्हणून, लांब पडला म्हणून नव्हे.

‘स्वतंत्रपणे’ ही अट मात्र सहज मोडते. पहिल्याने समासात लाल शाईने गुण लिहिले असतील, तर दुसऱ्याचा आकडा नकळत तिकडेच सरकतो. फरक कमी दिसतो, पेपर तिसऱ्याकडे जातच नाही आणि पहिल्याची चूक तशीच राहते. म्हणून गुण वेगळ्या तक्त्यावर लिहून घ्यायला हवेत.

निकाल अनपेक्षित लागला, तर विद्यार्थ्याने आधी विद्यापीठाचा लेखी नियम पाहावा: मर्यादा किती, तिसऱ्यानंतर कुठले गुण धरतात, आणि तिसऱ्याचे नेमके 53 आले, दोन्हीकडे सारखंच अंतर पडलं, तर काय करतात. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. परीक्षकांची नावं मात्र मिळत नाहीत. अर्जात उत्तरपत्रिकेसोबत सर्व परीक्षकांचे प्रश्ननिहाय गुणही मागावेत. फरक सगळ्या प्रश्नांत थोडा थोडा पसरला असेल तर तो कडक-सैल हाताचा असतो. एकाच प्रश्नात 14 विरुद्ध 0 दिसले, तर ते उत्तर तपासायचं राहून गेलं असण्याचा संभव मोठा.