लेव्हल ३ सीएनसी ऑपरेटर सर्टिफिकेट: अर्ज परत का येतात

आमचं भोसरीतलं छोटं वर्कशॉप, सीएनसी लेथ सात, माणसं साठेक. आयएसओ ९००१ च्या ऑडिटमध्ये दरवेळी विचारतात की हा माणूस हे काम करू शकतो याचा पुरावा काय, आणि आम्ही दाखवायचो तो भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स, ज्यात सुपरवायझरने अंदाजाने गोल भरलेले. म्हणून आपलं स्वतःचं सर्टिफिकेट काढलं. लेव्हल २ म्हणजे लावलेल्या सेटिंगवर जॉब काढणारा, लेव्हल ३ म्हणजे सेटिंग स्वतः लावून पहिला पीस पास करून घेणारा. पहिल्या फेरीत चौदा अर्ज आले, नऊ परत गेले, आणि त्या नऊ जणांपैकी निम्म्यांना तरी काम येत होतं हे मला स्वतःला माहितीये. म्हणून हे लिहितोय.

अर्ज कोण करू शकतो: लेव्हल २ वर सहा महिने झालेत तो कोणीही, ठेकेदाराकडची पोरंसुद्धा. आयटीआय असलंच पाहिजे असं नाही. फॉर्म एकपानी आहे, क्वालिटीत मिळतो, सोबत आयडीची झेरॉक्स.

आता अडतं कुठे ते. फॉर्मसोबत पाच सेटिंगचे फर्स्ट पीस रिपोर्ट लागतात, ज्यावर सेटिंग करणारा म्हणून तुमचं नाव पाहिजे. आणि ते कोणाकडेच नसतं! रात्रपाळीला सेटर नसतो, ऑपरेटरच जॉज बोअर करतो, ऑफसेट घेतो, पण रिपोर्टवर नाव जातं सकाळी येणाऱ्या सेटरचं, कारण छापील फॉर्मवर रकानाच 'सेटर' असा आहे. हा फॉर्म आम्हीच केलाय, चूक आमची, बदलायला सांगून दोन महिने झाले, अजून जुनेच गठ्ठे संपवतायत. तोपर्यंत एवढं करा, सेटिंग तुम्ही केली की शेऱ्यात स्वतःचं नाव आणि टोकन नंबर लिहा आणि त्याच पाळीत इन्स्पेक्टरची सही घ्या. नंतर मागून घेतलेली सही चालत नाही, कितीही ओळख असली तरी.

दुसरं म्हणजे ९० दिवस. रिपोर्ट गेल्या ९० दिवसांतले पाहिजेत, पण ते मोजायचे परीक्षेच्या तारखेपासून मागे, अर्जाच्या नाही. एकाने ५ जूनला अर्ज दिला, त्यात १२ मार्चचा रिपोर्ट, त्याच्या हिशेबाने बरोबर. परीक्षा लागली २८ जूनला, तिथून मागे ९० दिवस म्हणजे ३० मार्च, एक रिपोर्ट बाद, पाचाचे चार, अर्ज परत. सहासात रिपोर्ट लावून ठेवा, जास्तीचे कोणी फाडून टाकत नाही.

परीक्षा मशीनवरच असते, १०० पैकी ७० पाहिजेत. पण तीन गोष्टी अशा आहेत की त्यातली एक जरी चुकली तरी बाकीचे मार्क बघत नाहीत: मायक्रोमीटरचा झिरो तपासणं, ऑफसेट बरोबर टाकणं आणि चालू स्पिंडलजवळ हात न नेणं. ८२ मार्क पडून नापास झालेला एक जण माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हता. त्याचं झालं ते सांगतो. ड्रॉइंगवर व्यास २५, वर शून्य, खाली २१ मायक्रॉन. त्याचा पीस आला २५.०३. म्हणजे ०.०४ कमी करून २४.९९ ला आणायचा, इथपर्यंत बरोबर. वेअरच्या X मध्ये आधीच -0.050 होतं. याने -0.040 टाइप केलं आणि `+INPUT` ऐवजी `INPUT` दाबलं. `INPUT` जुना आकडा पुसून नवा ठेवतो, `+INPUT` त्यात मिळवतो. व्हायला पाहिजे होतं -0.090, झालं -0.040, म्हणजे जॉब कमी व्हायच्या ऐवजी वाढून २५.०४. जुन्या लेथवरून आलेले काहीजण सवयीने निम्मा आकडा टाकतात, तेही इथे चुकतं, कारण आपल्या मशीनवर X व्यासातच आहे. आकडा टाकल्यावर स्क्रीनवर परत वाचा, दहा सेकंद लागतात, वेळेचे मार्क त्याने जात नाहीत.

परीक्षक तुमचा स्वतःचा सुपरवायझर नसतो, दुसऱ्या पाळीचा सेटर आणि क्वालिटीचा एक जण असतो. फेल झालात तर ३० दिवसांनी परत, रिपोर्टचे ९० दिवस तेव्हा नव्याने मोजतात हे लक्षात ठेवा.

पास झालात की मॅट्रिक्सवर नाव, महिन्याला भत्ता, आणि रात्रपाळीला पहिल्या पीसवर स्वतःच्या सहीने बॅच सुरू करायचा अधिकार. सर्टिफिकेट एक वर्षाचं, पण सलग सहा महिने लेथवर नसाल तर आपोआप थांबतं, मग फक्त मशीनवरची परीक्षा परत द्यायची. बाहेर दुसऱ्या कंपनीत याला सरकारी किंमत नाही, तिथे दाखवायचंच असेल तर सर्टिफिकेटपेक्षा त्या पाच रिपोर्टच्या झेरॉक्स जवळ ठेवा, फक्त गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर झाकून घ्या, नाहीतर मीच गेटवर अडवीन.