पोस्टखालचे बदाम, हसू आणि राग: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

फेसबुक पेजचं काम आमच्याकडे दिलेल्या दुकानदारांचा रोज एक तरी फोन येतो: "एवढे लोक हसलेत, म्हणजे पोस्ट हिट ना?" किंवा "बावीस जण चिडलेत, पोस्ट काढून टाकू का?" सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट असतो. त्यात पोस्टखालची दोन-तीन चित्रं आणि एकच आकडा. एवढ्यावरून आम्हालाही काही सांगता येत नाही. ती चित्रं म्हणजे सर्वांत जास्त आलेल्या प्रतिक्रिया, आणि आकडा सगळ्यांची मिळून बेरीज. तीनशे बदाम आणि चार हसू असले काय किंवा दीडशे-दीडशे असले काय, ती ओळ सारखीच दिसते. त्या ओळीवर बोट ठेवा, यादी उघडेल. वर प्रत्येक चित्राचा वेगळा आकडा असतो. स्क्रीनशॉट त्या यादीचा पाठवत जा.

मोजताना आम्ही अंगठा बाजूला काढतो. अंगठा लोक जाता जाता दाबतात, ओळखीतला तर न वाचताही दाबतो. बदाम, हसू किंवा राग निवडायला बोट थोडं थांबवावं लागतं, म्हणून उरलेल्या प्रतिक्रियांचीच वाटणी आम्ही बघतो. आणि ती तुमच्याच पेजच्या नेहमीच्या वाटणीशी ताडतो, शेजारच्या दुकानाच्या पेजशी नाही. त्यातही जातीला जात लागते. गड्ड्याच्या यात्रेच्या शुभेच्छांवर बदामच पडणार, त्याच्याशी भाववाढीच्या पोस्टची तुलना करून रात्रीची झोप घालवू नका.

रागाचं एक कायम लक्षात ठेवा. ते लाल तोंड कोणावर आहे हे चित्र सांगत नाही. "आज नळाला पाणी आलं नाही, म्हणून हॉटेल बंद" या पोस्टवर लाल तोंडांची रांग लागली, तर ती माणसं तुमच्याच बाजूची आहेत, त्यांच्याही नळाला पाणी आलेलं नाही. हसू त्याहून फसवं. विनोदी पोस्टवर हसू आलं तर छानच. पण गंभीर सूचनेवर हसू आलं, तर बहुतेक वेळा लोक तुम्हाला हसत असतात. दोन्ही वेळी पहिल्या वीस-पंचवीस कमेंट वाचण्याला पर्याय नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे आमचे दोन दिवस वाया जातात, ती गोष्ट. पोस्ट टाकल्यावर आम्हाला न सांगता मजकूर बदलणे.

मजकूर बदलला तरी आधीच्या प्रतिक्रिया तिथेच चिकटून राहतात. जुन्या वाक्यावरचा राग नव्या वाक्याखाली दिसतो. वर यादीत कोणी काय दाबलं ते कळतं, कधी दाबलं ते कळत नाही. म्हणजे मागाहून निवडून काढायची सोय नाही.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकणाऱ्या आमच्या एका ग्राहकांचं उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. त्यांच्या पेजवर अंगठा सोडून शंभर प्रतिक्रिया आल्या, तर साधारण ऐंशीच्या वर बदाम असतात, दहा-पंधरा हसू, राग एखादाच. एका सकाळी त्यांनी पोस्ट टाकली: चटणीचा भाव वाढतोय, शहरातली घरपोच सेवा बंद, पुणे-मुंबईला कुरिअर चालू. तिसऱ्या दिवशी एकूण ४१२ प्रतिक्रिया होत्या. अंगठे २६८, बदाम ६१, हसू ५८, राग २२, रडू ३. अंगठे वगळून उरल्या १४४, त्यात बदाम जेमतेम ४२ टक्के आणि हसू ४० टक्के. मालक एकूण आकड्यावर खूश होते, आम्ही वाटणीवर नाखूश. भाव लोकांना खुपलाय असं आम्ही सांगितलं आणि कमी वजनाचं पाकीट काढायचा हिशेब मांडायला बसलो.

पण पोस्ट वाचली तर तिच्यावर चिडण्यासारखं काहीच नव्हतं. त्यात लिहिलेलं, २०० रुपयांच्या वर घरपोच सेवा चालूच राहील! मग आमच्या वहीतली पोस्ट टाकल्यानंतर दोन तासांची नोंद काढली: अंगठे ७०, बदाम ९, हसू ४९, राग २१, रडू १. कमेंटवर मात्र वेळ असते. सकाळच्या कमेंट चाळल्या, तर जुळे सोलापूरच्या एका ताईंनी लिहिलं होतं, "म्हणजे चटणी पुण्याला जाणार, पण जुळे सोलापूरला नाही, असंच ना दादा?" सगळं हसू त्याच वाक्यावर चाललं होतं. भावाबद्दल अख्ख्या सकाळी फक्त दोघं बोलले होते. पोस्टच्या तीन ठिपक्यांत View edit history उघडलं आणि उलगडा झाला. मालकांनी दुपारी गुपचूप वाक्य बदललं होतं.

तिसऱ्या दिवसाच्या आकड्यांतून सकाळचे वजा केले की उरतात बदाम ५२, हसू ९, राग १, रडू २. चौसष्टात बावन्न बदाम, म्हणजे ८१ टक्के. त्यांच्या पेजची नेहमीची वाटणी. भाववाढ लोकांनी मुकाट्याने पचवली होती, घरपोच बंद होणं त्यांना पचलं नव्हतं. पाकिटाचा हिशेब आम्ही कचऱ्यात टाकला.

ही वजाबाकी तंतोतंत नसते, हेही सांगून ठेवतो. एका माणसाची एका पोस्टवर एकच प्रतिक्रिया राहते. सकाळी चिडलेल्याने संध्याकाळी बदाम दाबला, तर त्याचा राग यादीतून पुसला जातो. शिवाय कोणी तुमची पोस्ट आपल्या भिंतीवर शेअर केली, तर तिथली टिंगल तुमच्या आकड्यात धरली जात नाही. चालू पोस्टवर पैसे भरून बूस्ट केलं, तर तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांच्या प्रतिक्रियाही त्याच बेरजेत मिसळतात. म्हणून बूस्ट आम्ही पहिली नोंद झाल्यावरच करतो. त्यावरून "तुम्ही उशीर लावता" असं ऐकून घ्यावं लागतं, ते आम्ही घेतो.

मग चूक दुरुस्त करायचीच नाही का? करायची, पण वरच्या वाक्याला हात न लावता. पहिल्या कमेंटमध्ये खुलासा टाका आणि ती कमेंट वर पिन करा, किंवा सरळ नवी पोस्ट करा. फोन नंबर किंवा तारीखच चुकली असेल, तर बिनधास्त बदला, फक्त आधी आम्हाला एक निरोप टाका. तेवढ्यात आम्ही त्या क्षणाचे आकडे वहीत उतरवून घेतो. पोस्ट उडवणं तर सर्वांत वाईट. राग जातो, पण कशावर होता ते कळायची वाटही जाते.

काही जण विचारतात, रागामुळे पोस्ट जास्त पसरते म्हणे, मुद्दाम चिडवू या का? ही ऐकीव गोष्ट अगदीच खोटी नाही. २०१७ मध्ये फेसबुक अशा चित्रांना अंगठ्याच्या पाचपट वजन देत असे, असं २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्या अंतर्गत कागदपत्रांत होतं. पण त्याच कागदपत्रांनुसार रागाचं वजन २०२० मध्ये शून्यावर आणलं गेलं. आणि चटणी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला चिडवून मिळवायचं तरी काय?

दोन तास, चोवीस तास आणि तिसरा दिवस अशा तीन नोंदी आणि निवडक कमेंट आमच्या महिन्याच्या पॅकेजमध्ये धरलेल्याच आहेत, वेगळे पैसे नाहीत. जे पेज स्वतः चालवतात त्यांना एका पोस्टपुरतंही हे काम करून देतो, मात्र पोस्ट टाकायच्या आधी कळवा. तिसऱ्या दिवशी आलात, तर सकाळचे आकडे आम्ही कुठून आणणार? मजकूर बदलायचा असेल, तर रात्री दहापर्यंत फोन उचलतो. रविवारीसुद्धा.