लढत किती रंगी? पक्षांच्या प्रभावी संख्येची पार्श्वभूमी

अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की विदर्भातल्या गावात पानठेल्यावर उमेदवार मोजत कुणी बसत नाही. यंत्रावर वीस नावं असली तरी लढत दुरंगी की तिरंगी, हे तिथं दोन दिवसांत ठरतं. राज्यशास्त्राला मात्र हाच हिशेब आकड्यात बसवायला बराच काळ लागला.

मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१मध्ये द्विपक्षीय आणि बहुपक्षीय पद्धतींचा निवडणूक पद्धतीशी संबंध मांडला. पण मोजायचा कुठला पक्ष आणि सोडायचा कुठला, हा घोळ राहिलाच. १९६७मध्ये डग्लस रे यांनी वेगळी वाट काढली: सभागृहातले दोन सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले, तर ते वेगवेगळ्या पक्षांचे निघण्याची शक्यता किती? उत्तर शून्य ते एकच्या दरम्यान येतं. अडचण अशी की ०.७१ म्हटल्यावर कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. मार्कु लाक्सो आणि राइन तागेपेरा यांनी १९७९मध्ये तोच हिशेब उलटा केला आणि उत्तर थेट पक्षांच्या संख्येत आणलं, हीच पक्षांची प्रभावी संख्या:

N = 1 / Σp²

p म्हणजे प्रत्येक पक्षाचा जागांमधला किंवा मतांमधला वाटा. वाट्यांचा वर्ग करायचा, बेरीज करायची आणि एकला तिनं भागायचं. वर्ग केल्यामुळे मोठ्या पक्षाचं वजन वाढतं आणि लहान पक्ष आपोआप फिका पडतो. कुणाला वगळायचं हे मोजणाऱ्याला ठरवावं लागत नाही. तीन पक्ष अगदी सारखे असतील तर उत्तर बरोबर ३ येतं.

२०१९ची विधानसभा घ्या. विदर्भाच्या ६२ जागांपैकी भाजप २९, काँग्रेस १५, राष्ट्रवादी ६, शिवसेना ४, प्रहार २, स्वाभिमानी १ आणि अपक्ष ५. टक्केवारीच्या भानगडीत न पडता जागांचेच वर्ग करू: ८४१, २२५, ३६, १६, ४, १ आणि पाच अपक्षांचे प्रत्येकी एक धरून ५. बेरीज ११२८. आता ६२चा वर्ग, म्हणजे ३८४४, त्याला ११२८ने भागलं की ३.४. सात नावांची यादी, पण फाटाफूट साडेतीनहून किंचित कमी समान पक्षांएवढी.

त्याआधीच्या, २०१४च्या निवडणुकीत चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले होते, म्हणजे मतं चांगलीच विखुरलेली. तरी विदर्भात भाजपनं ४४ जागा घेतल्या, काँग्रेसला १० मिळाल्या, शिवसेनेला ४. याच पद्धतीनं जागांवर आकडा येतो १.९. इथं नवखा वाचणारा हमखास फसतो. '१.९ म्हणजे जवळपास दोन पक्ष, म्हणजे द्विपक्षीय पद्धत' असं तो लिहून मोकळा होतो. ४४ विरुद्ध १० याला कोणी दुरंगी म्हणेल का? ही सरळसरळ एकाची मक्तेदारी होती. म्हणून या आकड्याशेजारी सर्वांत मोठ्या पक्षाचा वाटा, इथं ७१ टक्के, लिहिल्याशिवाय तो वाचू नये. शिवाय आकडा मतांवरचा की जागांवरचा, हे आधी विचारावं. जो पुढे तो निवडून, अशा आपल्या पद्धतीत दोन्ही क्वचितच जुळतात.

दुसरा खड्डा अपक्षांचा. १९९५मध्ये राज्यात ४५ अपक्ष निवडून आले, त्यांत काँग्रेसचे बंडखोर बरेच. प्रत्येकाला स्वतंत्र पक्ष धरलं तर राज्याचा आकडा ५.१ येतो; सगळ्यांना मिळून एकच पक्ष धरलं तर ४.६. निकाल तोच, आमदार तेच. माझ्या मते स्वतंत्र धरणंच रास्त, कारण अपक्षांना एक पक्ष मानणं ही निव्वळ सोय आहे. मात्र एकदा धरलेली रीत सगळ्या वर्षांना लावायला हवी, नाहीतर तुलना फुकट जाते.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र आघाड्यांची आहे. शिवसेना २०२२मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३मध्ये. म्हणजे मोठे पक्ष चाराचे सहा झाले. तरीही राज्याचा जागांवरचा आकडा २०१९मधल्या ४.४वरून २०२४मध्ये ३.६वर उतरला, कारण एकट्या भाजपच्या १३२ जागांनी वर्गांची बेरीज फुगवली. आता भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी मिळून २३० जागांचा एक गट आणि महाविकास आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांचा ४६ जागांचा दुसरा गट धरून पाहा. आकडा जेमतेम दीड होतो. १९७२मध्ये एकट्या काँग्रेसनं २७०पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या, तेव्हाही तो दीडच्याच घरात होता.