आईला हयातीचा उपभोग, मुलांना नुसती मालकी: गोव्यातली जुनी तडजोड

फोंडा तालुक्यातल्या एखाद्या घराची कल्पना करा. कौलारू घर, मागे सुपारी-माडांचं कुळागर. नवऱ्याने नोटरीकडे मृत्युपत्र केलंय: ‘माझ्या पश्चात पत्नीने हयातीपर्यंत सगळ्याचा उपभोग घ्यावा, नंतर मुलांनी घ्यावं.’ तो वारतो. महाराष्ट्रात राहणारा धाकटा मुलगा वकिलाला फोन करतो आणि हिंदू वारसा कायद्याचं कलम 14 ऐकून बसतो: विधवेचा मर्यादित हक्क कधी पूर्ण मालकीचा होतो, मृत्युपत्राने दिलेल्याला अपवाद काय, वगैरे. इथे त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. तो कायदा गोव्याला लागू नाही, आणि कुटुंब हिंदू असलं तरी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो.

ती वाट पोर्तुगालच्या 1867च्या नागरी संहितेची आहे. 1869च्या हुकमाने ती पोर्तुगालच्या वसाहतींत नेण्यात आली आणि 1870 पासून गोव्यात लागू झाली. तिच्या आधी चारच वर्षं, 1863 मध्ये, पोर्तुगालने ‘मोर्गादु’ मोडून काढले होते. मोर्गादु म्हणजे पिढ्यानपिढ्या थोरल्याकडेच जाणारी, विकता न येणारी मिळकत. पणजोबाने घातलेली गाठ पणतवालाही सुटू नये, हाच तिचा हेतू. संहिता करणाऱ्यांच्या डोक्यात ही कटकट ताजी होती. म्हणून मेलेल्या माणसाने जिवंत माणसांच्या जमिनीला किती काळ धरून ठेवावं याला त्यांनी मर्यादा घातली. ‘आधी याला, त्याने जपून पुढे त्याला’ अशी साखळी फार थोड्या नात्यांपुरती उरली. हयातीचा उपभोग मात्र ठेवला. एकामागून एक अनेकांनाही तो देता येतो, पण पहिल्याचा हक्क सुरू होताना बाकीचे अस्तित्वात असले पाहिजेत. न जन्मलेल्या पणतूपर्यंत हात पोचत नाही.

या उपभोगाला गोव्यात जुन्या कागदांत ‘उझुफ्रुत’ म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला उरते ती ‘नुआ प्रोप्रिएदाद’, म्हणजे नागडी मालकी. शब्द गमतीचा असला तरी नेमका आहे. मालकी मुलांचीच, अंगावरचे कपडे मात्र आईच्या हातात. मुलं ‘नंतर’ मालक होतात ही समजूत चुकीची आहे. ती वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीच मालक होतात, फक्त उपभोग नसतो. त्यामुळे आईच्या आधी एखादा मुलगा वारला तर त्याची नागडी मालकी त्याच्या वारसांकडे जाते, आईकडे नाही. आई गेली की उपभोग विरतो आणि मालकी आपोआप भरते. आई उपभोग आपल्या मृत्युपत्राने कुणाला देऊ शकत नाही, कारण तिच्यानंतर तो उरतच नाही.

पण या मृत्युपत्रातला ‘सगळ्याचा’ हा शब्द खोटा आहे, आणि गोव्यातले बरेच वाद तिथूनच उगवतात. लग्न सामायिक मालमत्तेच्या पद्धतीने झालं असेल, आणि वेगळा करार नसेल तर तसंच धरलं जातं, तर अर्धं घर बाईचं स्वतःचंच असतं. ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. नवऱ्याला मृत्युपत्र करायचा अधिकार फक्त आपल्या अर्ध्यावर. त्या अर्ध्यातलाही काही भाग मुलांचा, तो काढून घेताच येत नाही. या राखीव हिश्श्याला ‘लेजितिमा’ म्हणतात. मूळ संहितेत मुलांसाठी तो दोन तृतीयांश होता आणि बापाच्या मर्जीला एक तृतीयांशच मोकळा होता. पोर्तुगालमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि ऑक्टोबर 1910च्या हुकमाने तो निम्म्यावर आणला. तोच निम्मा आजही चालतो.

आकड्यात पाहू. सगळी मिळकत 80 लाखांची धरली तर 40 लाख आईचे. वडिलांच्या 40 लाखांपैकी 20 लाख मुलांचे राखीव, आणि मोकळे फक्त 20 लाख. वडिलांनी उपभोग मात्र पूर्ण 40 लाखांवर टाकलाय. म्हणजे मुलांच्या राखीव भागावरही ओझं आलं. आता काय?

इथे संहितेने सोळाव्या शतकातल्या मारियानो सोचिनी या इटालियन कायदेपंडिताच्या नावाने ओळखला जाणारा तोडगा उचलला. दिलेल्या उपभोगाची किंमत मोकळ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरत असेल, तर निवड राखीव वारसांची. एक, मृत्युपत्र तसंच पाळा. दोन, मोकळा हिस्सा उपभोगासाठी नव्हे तर पूर्ण मालकीने देऊन टाका आणि आपलं राखीव ओझ्याविना घ्या.

दोन मुलं असतील तर पहिल्या वाटेने आईच्या हयातीत त्यांच्या हाती काही येत नाही, पण वडिलांच्या 40 लाखांची मालकी त्यांची राहते. दुसऱ्या वाटेने आजच 10-10 लाखांचा भाग सुटा मिळतो आणि आई 60 लाखांची पूर्ण मालकीण होते. वरवर दुसरी वाट मोहक वाटते. पण आईलाही आपल्या मिळकतीच्या निम्म्यावर मर्जी चालवता येते. 40 लाखांच्या मालकिणीला 20 लाखांवर, 60 लाखांच्या मालकिणीला 30 लाखांवर. भावाभावांत एक आईचा लाडका असेल तर घाईने सुटे झालेले दुसरे भाऊ पुढे पस्तावतात. शिवाय किंमत वयावर ठरते. 45 वर्षांच्या विधवेचा उपभोग भारी, 82 वर्षांच्या आजीचा हलका. आजीच्या बाबतीत किंमत मोकळ्या हिश्श्याच्या आतच भरू शकते, आणि मग निवडीचा हक्कच उरत नाही.

हे सगळं 1961 नंतरही टिकलं, कारण 1962च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. 2012चा गोवा वारसा कायदा डिसेंबर 2016 मध्ये अमलात आला तेव्हा वारशाच्या तरतुदी नव्या इंग्रजी पुस्तकात गेल्या. कुठलं पुस्तक उघडायचं ते माणूस कधी वारला त्यावर ठरतं, मृत्युपत्र कधी केलं त्यावर नाही. आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोवेकराची मुंबईतली मिळकतही याच कायद्याने वाटायची.

राहता राहिलं कुळागर. आई हाती घेते तेव्हा संहितेप्रमाणे यादी करायची आणि तारण द्यायचं. यादी न केलेल्या घरांत पुढे कुणाचे किती माड होते याची भांडणं चालतात, आणि तेव्हा सांगणारा एकटा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, असतो. आई नारळ-सुपारी विकू शकते, घर भाड्याने देऊ शकते, किरकोळ दुरुस्ती तिच्यावर. जमीन विकणं किंवा कुळागर तोडून प्लॉट पाडणं मात्र तिला जमत नाही. पिकाचा नियम तर एका दिवसाने घर उलटं करतो: उपभोग सुरू होताना झाडावर असलेलं पीक आईचं, संपताना झाडावर असलेलं मालकांचं. सुपारी काढायच्या आदल्या दिवशी आई गेली तर ती सुपारी मुलांची. काढून अंगणात वाळत घातलेली असेल तर ती आईच्या मिळकतीत जाते आणि तिच्या वारशात वाटली जाते.