मागच्या वर्षीचा तक्ता मागू नका, प्लग पिळायला शिका
(बारावी भौतिकशास्त्र प्रॅक्टिकल सरावासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना व पालकांना)

दर जानेवारीत एकच मागणी येते: "सर, मागच्या वर्षीच्या रीडिंगचा फोटो पाठवा ना." जुन्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे आहेत आणि सराव त्यांवरच होतो. भरलेले तक्ते मात्र आम्ही देत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, म्हणून मीटर ब्रिजची ही गोष्ट.

अज्ञात रोध X डाव्या गॅपमध्ये, रेझिस्टन्स बॉक्सचा रोध R उजव्या. आमच्या अज्ञात तारेचा रोध 2.98 ओहम आहे. बॉक्समधून 2, 3, 4 ओहम काढले की नल पॉइंट 59.8, 49.8 आणि 42.7 सेंमीच्या आसपास येतो. गेल्या वर्षी एका मुलाला 58.7, 49.0 आणि 42.1 मिळाले. जुन्या जर्नलशी जुळेना, म्हणून त्याने खोडून जर्नलातले आकडे लिहिले आणि अर्धा तास वाया घालवला.

खरं तर त्याचा तक्ता बोलत होता. त्याच्या रीडिंगवरून X येतो 2.84, 2.88, 2.91. नुसती वाचनातली चूक असती तर उत्तरं वरखाली झाली असती. इथे ती ओळीने चढत गेली, म्हणजे कुठेतरी ठरावीक जादा रोध बसलाय. छोट्या R ला त्याचा चटका जास्त, मोठ्याला कमी. बॉक्सचा एक प्लग सैल होता. त्यावर हिरवट थर चढलेला, त्याने साधारण 0.1 ओहम भर घातली होती. आपल्या खाऱ्या हवेत पितळेचं हे नेहमीचंच. झिरो नंबर पॉलिश पेपरने प्लग पुसला, दाबून पिळला, रीडिंग जागेवर.

गॅप अदलाबदल करून हा दोष जात नाही, कारण तो बॉक्सबरोबरच दुसऱ्या बाजूला जातो. अदलाबदलीने ब्रिजच्या टोकांचा दोष बऱ्याच अंशी निघतो. म्हणून 'चुकांची चर्चा' लिहिताना "मानवी चूक, उपकरणातील चूक" एवढं लिहून थांबू नका. आपल्या तक्त्यातला कल दाखवा. आणि नल पॉइंट शक्यतो मध्यावर आणा: 1 मिमीच्या चुकीने 50 सेंमीला उत्तर 0.4 टक्के हलतं, 10 सेंमीला 1.1 टक्के. जॉकी तारेवर घासू नका, टेकवा आणि उचला. घासलेली तार एकसारखी राहत नाही.

आमच्याकडे एका ब्रिजवर दोघेच बसतात, आणि काही बॉक्सचे प्लग आम्ही मुद्दाम साफ करत नाही. फी त्यामुळे थोडी जास्त वाटेल, पण सैल प्लग ओळखायची सवय इथेच लागते. येताना स्वतःचं जर्नल आणा, कोरे तक्ते आखून आणा. रीडिंग पेनाने लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, खोडू नका. शेवटच्या पंधरवड्यात संध्याकाळच्या बॅच लवकर भरतात, सकाळी सातची सहसा मोकळी असते.