ध्वजाआडचा सूर्य: फ्लेअर वजा करण्याची पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशी सप्टेंबरच्या मध्यात आली की लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी पश्चिमेकडे कॅमेरा धरणाऱ्याची पंचाईत होते. मिरवणूक अलका चौकाकडे निघालेली असते आणि मावळता सूर्य जवळजवळ रस्त्याच्या टोकाशी. पथकाच्या मागून घेतलेल्या अशाच एका शॉटवर मी दोन रात्री घालवल्या. बंद दुकानांच्या दारातला अंधार दुधाळ झाला होता, भगवे फेटे फिके पडले होते.

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे आठ पृष्ठभाग असले तर पाव भागाहून थोडा जास्तच प्रकाश वाटेत गळतो, आणि त्यातला काही लेन्सच्या आत आपटत राहून अखेर चित्रावर पसरतो. हाच फ्लेअर. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुरातून पुण्यात आली तो अशा बिनकोटिंगच्या लेन्सचाच काळ. झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं ते १९३५ साली. लेपामुळे फ्लेअर कमी झाला, संपला नाही. फ्रेमबाहेरचा सूर्य हूड किंवा काळ्या पुठ्ठ्यानं अडवता येतो. सूर्यच फ्रेममध्ये असेल तर तो पुठ्ठा काय कामाचा!

मग लॅबमध्ये का सुधारायचं नाही? प्रिंट काढताना लाल, हिरव्या आणि निळ्या दिव्यांचे १ ते ५० असे टप्पे मिळत. पण एक तर ते अख्ख्या फ्रेमला लागू होत, आणि दुसरं म्हणजे दिवा कमी-जास्त करणं हा गुणाकार आहे. फ्लेअर ही बेरीज असते, कारण अंधार असो वा पांढरा कुर्ता, दोन्हींवर सारखाच प्रकाश चढतो. बेरीज झालेली गोष्ट गुणाकारानं निघत नाही. प्रिंट गडद केली की फ्लेअरसोबत चेहरेही बुडत. प्रभातच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हाही लॅबकडे याहून वेगळं उत्तर नव्हतं.

वजाबाकी आधी मिळाली ती टीव्हीवाल्यांना. फिल्म टेपवर उतरवणाऱ्या टेलिसिनेत काळ्याची पातळी खाली ओढायचं बटण होतं. पुढे दा व्हिंची कंपनीच्या यंत्रांनी ‘पॉवर विंडो’ दिली आणि चित्राचा एक गोल किंवा चौकोन तेवढाच बदलता येऊ लागला. २००९ साली ती कंपनी ब्लॅकमॅजिकनं घेतली, तिच्या रिझॉल्व्ह या रंग सुधारण्याच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती निघाली, आणि एकेकाळी मोठ्या स्टुडिओत लागणारं हे काम सदाशिव पेठेतल्या एका खोलीत होऊ लागलं.

आता माझा शॉट. व्हिडिओतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून आधी चित्र लिनिअरमध्ये आणलं. वजाबाकी तिथेच खरी उतरते. मग नक्की काळी असायला हवी अशी जागा शोधली. शून्य म्हणजे काळा आणि एक म्हणजे पांढरा धरला, तर दुकानाच्या दारातला अंधार लाल ०.०८, हिरवा ०.०६, निळा ०.०४ दाखवत होता. फ्लेअर नसता तर तो सगळीकडे ०.०१ च्या आसपास असता. म्हणून अनुक्रमे ०.०७, ०.०५ आणि ०.०३ वजा केले. लालमधून जास्त, कारण संध्याकाळचा फ्लेअर तांबूस असतो. लालमध्ये ०.६० वरचा कुर्ता ०.५३ वर आला, पण कुर्ता आणि अंधार यांतलं अंतर साडेसात पटींवरून त्रेपन्न पटींवर गेलं. फेट्यांचा रंगही आपोआप परतला, सॅच्युरेशनला हात लावावा लागला नाही.

हे आकडे सूर्यापासून लांबच्या दाराचे. जवळ फ्लेअर दाट होता, म्हणून सूर्याभोवती मोठा, खूप मऊ कडेचा मास्क टाकून तेवढ्यात आणखी थोडं वजा केलं. कड मऊ नसली तर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी प्रभावळ दिसते. वजाबाकी जास्त झाली तर लाल आधी शून्याखाली जातो आणि सावल्या निळसर होतात. ती खूण दिसली की मागे यायचं.

खरी फजिती ध्वजानं केली. पथकापुढचा भगवा ध्वज सूर्यासमोरून फिरला की दोन-तीन फ्रेममध्ये फ्लेअर नाहीसा होई, आणि माझी वजाबाकी मात्र चालूच! पडद्यावर काळा डाग उमटे. शेवटी प्रत्येक फेरीला दोन्ही सुधारणांची ताकद कीफ्रेमनं, म्हणजे ठरावीक फ्रेमवर आकडा नेमून देऊन, खाली-वर केली. एकूण अकरा फेऱ्या.

लेन्समधल्या परावर्तनाचा हिरवट ठिपका सोपा निघाला. असा ठिपका बहुधा सूर्य आणि फ्रेमचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर पलीकडे असतो आणि सूर्याच्या उलट सरकतो. म्हणून सूर्य ट्रॅक केला, ती हालचाल उलटवून छोट्या मास्कला दिली, आणि आत हिरवा कमी केला. सूर्याची तबकडी मात्र तशीच सोडली. तिथे सेन्सर भरून गेलेला असतो, माहितीच उरत नाही. दाबायला गेलं तर आकाशात राखाडी नाणं दिसतं.