गाजर गवत हाताने उपटून ‘मला काय होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

पाऊस जरा उघडला की गणपतीच्या आधी रस्त्याकडेची साफसफाई सुरू होते, आणि दरवर्षी कोणीतरी उघड्या हाताने गाजर गवत उपटत म्हणतोच, ‘अरे मी इतकी वर्षं उपटतोय, मला काय नाय होत.’ हे वाक्य ऐकलं की मला त्या माणसाची खरंच काळजी वाटते, कारण या गवताचं दुखणं नेमकं अशाच माणसाला होतं, जो वर्षानुवर्षं त्याच्या संपर्कात आहे आणि ज्याला आजपर्यंत काही झालेलं नाही.

आधी ओळख पक्की करू, कारण आपल्याकडे कोकणात रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांची झुडपं खूप आहेत आणि लोक सगळ्यांनाच काँग्रेस गवत म्हणून मोकळे होतात. खरं काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत किंवा पार्थेनियम, लहान असताना जमिनीला चिकटून गोल पसरतं, पानं गाजराच्या पानासारखी बारीक चिरलेली, फिकट हिरवी, हाताला थोडी लवदार. मग मधून दांडा वर येतो, त्याला उभ्या रेघा असतात, कमरेएवढं ते छातीएवढं वाढतं आणि वर फांद्याफांद्यांवर तीन-चार मिलिमीटरची मळकट पांढरी फुलं. फूल जवळून बघा, कडेला बरोब्बर पाच छोटी टोकं दिसतात. रानमोडीची पानं अख्खी, त्रिकोणी, समोरासमोर असतात आणि चुरडली की उग्र वास येतो. ओसाडीची पानंसुद्धा अख्खीच, आणि एकदांडीला लांब देठावर एकच फूल असतं, मध्ये पिवळं. म्हणजे पान चिरलेलं आणि फुलाला पाच टोकं, दोन्ही जुळलं तरच गाजर गवत. घाटावर याची शेतंच्या शेतं भरलेली दिसतात, आपल्याकडे मला ते जास्त करून हायवेच्या भरावावर, बाजाराच्या मागे, बांधकामासाठी बाहेरून माती आणून टाकलेल्या जागी दिसतं.

आता मुख्य गोष्ट. खाजकुयली लागली की मिनिटाभरात जीव जातो, कारण तिच्या कुसांतलं द्रव्य थेट त्वचेतल्या नसांना चेतवतं, ते पहिल्यांदा लागलेल्यालाही होतं आणि काही वेळाने उतरतं. गाजर गवताचं तसं अजिबात नाही. त्याच्या पानांवर-दांड्यावर जी बारीक लव असते तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. रेणू लहान, वजन साधारण 262 डाल्टन, आणि 500 डाल्टनच्या आतले रेणू त्वचेच्या वरच्या थरातून बऱ्यापैकी आत शिरू शकतात म्हणून हाही शिरतो. या रेणूला एका बाजूला लॅक्टोनचं कडं असतं आणि त्या कड्याला लागून एक दुहेरी बंध, जो मासा पकडणाऱ्या गळासारखा काम करतो. आपल्या त्वचेतल्या प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यात गंधक असतं, त्या गंधकात हा गळ अडकतो आणि सहसा सुटत नाही. नुसतं पार्थेनिन इतकं छोटं की शरीराच्या संरक्षण व्यवस्थेला ते एकटं दिसतच नाही, पण आता आपलंच प्रथिन त्याच्यासकट थोडं वेगळं दिसायला लागतं, परकं वाटायला लागतं.

त्वचेत लँगरहान्स पेशी पहारा देत असतात, त्या हे बदललेलं प्रथिन उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे काखेत किंवा मानेत, घेऊन जातात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे संरक्षण व्यवस्थेतल्या लढणाऱ्या पेशींना, दाखवतात. त्यातल्या ज्या टी पेशींना ते जुळतं त्यांची संख्या वाढते आणि काही आठवण ठेवून वर्षानुवर्षं शरीरात फिरत राहतात. या सगळ्याला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्या काळात अंगावर काहीच दिसत नाही, पुरळ नाही, खाज नाही. ही तयारी पहिल्याच वर्षी होईल असंही नाही, काहींना पाच-दहा वर्षांच्या संपर्कानंतर होते, काहींना कधीच होत नाही. पण एकदा झाली की पुढच्या वेळी थोडंसं पार्थेनिनसुद्धा पुरतं, टी पेशी त्या जागी जमतात आणि एक ते तीन दिवसांत त्वचा लाल, सुजलेली, पाझरणारी होते. हा उशीर लक्षात ठेवा, रविवारी गवत काढलं आणि मंगळवारी डोळे सुजले की माणूस सोमवारी खाल्लेल्या कोलंबीवर खापर फोडतो.

आमच्या वाडीतल्या एका काकांचं असंच झालं. हायवेला टपरी, मागे गाजर गवत, दरवर्षी स्वतःच काढायचे. एका उन्हाळ्यात वाळलेलं गवत खराट्याने झाडून काढलं आणि दोन दिवसांनी पापण्या सुजल्या, मग मान, कानामागे, कोपराच्या आतली घडी. हाताचे तळवे मात्र साफ, म्हणून त्यांना गवताची शंकाच आली नाही. तळव्याची कातडी जाड असते, आणि वाळलेल्या झाडाची लव धुळीसारखी उडून जिथे कातडी पातळ आणि घाम साचतो तिथे बसते, म्हणून पापण्या आणि घड्या. उन्हाने झालेलं पुरळ असतं तर हनुवटीखालची आणि कानामागची सावलीतली जागा सहसा सुटली असती, इथे तीच भरली होती. ही खूण फार उपयोगाची आहे.

मग जे घराघरात होतं तेच झालं. कोणी म्हणालं नागीण आहे, मंत्र घालून घ्या. नागीण शरीराच्या एका बाजूला पट्ट्यात येते, दोन्ही पापण्यांवर सारखी येत नाही, आणि तीही विषाणूमुळे होते, मंत्राने जात नाही. कोणी इम्युनिटी वाढवायचा काढा दिला, आता इथे जे चाललंय ते इम्युनिटीचंच काम आहे, ती कमी पडलेली नाही. मेडिकलमधून गजकर्णाचं मिक्स क्रीम आणलं, त्यात स्टेरॉइड होतं म्हणून चार दिवस बरं वाटलं आणि बंद केल्यावर परत भडकलं. अ‍ॅलर्जीची साधी गोळीही फारशी लागू पडली नाही, कारण ती हिस्टामिन अडवते आणि इथे काम टी पेशींचं आहे. परागकणांमुळे शिंका, नाक गळणं, दमा होतो तो वेगळा, झटपट येणारा प्रकार आहे, तिथे ती गोळी शिंकांना, नाकाला उपयोगी पडते. दम्याला मात्र वेगळे उपचार लागतात.

त्वचेच्या डॉक्टरांनी शेवटी पॅच टेस्ट केली. पाठीवर अर्काचे ठिपके चिकटवतात, 48 तास पाणी लावायचं नाही, मग काढून बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. काकांची दुसऱ्या वेळच्या तपासणीत ठळक लाल आली. ज्यांची अशी येते त्यातल्या काहींना शेवंती, सूर्यफुलाचाही त्रास होतो, एकाच कुळातली झाडं आहेत, तेव्हा दसऱ्याचे हार करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

काढायचं असेल तर फुलं यायच्या आधी, माती ओली असताना, मुळासकट. एका झाडाला पंधरा हजारांच्या वर बिया येऊ शकतात, त्यामुळे फुलं आल्यावर उपटून ओढत नेणं म्हणजे पेरणीच. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर रुमाल, घरी आल्यावर कपडे वेगळे धुवायचे. वाळलेलं झाडू नका, जाळू तर नकाच. आणि ज्याला एकदा पुरळ आलंय त्याने मोजे घालूनही हे काम करू नये, दुसऱ्याला द्यावं.

टेस्टला जाताना एक सांभाळा, पुरळ पूर्ण भडकलेलं असताना ती करत नाहीत, आणि पाठीवर स्टेरॉइड क्रीम लावलेलं असेल किंवा पोटात स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर अ‍ॅलर्जी असूनही टेस्ट कोरी येऊ शकते. काय काय लावलंय, खाल्लंय ते सगळं डॉक्टरांना आधी सांगा, मेडिकलमधून आणलेल्या त्या ट्यूबसकट.